अठ्ठाविसावे वर्ष, राज्यसेवेची तयारी आणि लग्नाचा बायोडेटा : थांबायचे कधी, हे कसे ठरवावे?

वारणाकाठ

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातला. २०१९ मध्ये सांगलीतून मेकॅनिकल शाखेची पदवी घेतली आणि चाकणच्या एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून लागलो. टाळेबंदीत ती नोकरी गेल्यावर पुण्यात कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी सुरू केली. पूर्व परीक्षा निघते, मुख्य परीक्षेत थोडक्या गुणांनी राहतो. कम्बाइनची, म्हणजे आयोगाच्या संयुक्त परीक्षेचीही तीच कथा आहे. आता पुण्याचा खर्च घरच्यांवर टाकणे बरे वाटेना म्हणून परत आलो असून विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत बसतो.

प्रश्न आताच विचारण्याचे कारण असे, की वडिलांनी माझा बायोडेटा करायला घेतला आणि 'नोकरी' या रकान्यापाशी सगळे घर अडले. मामांचे म्हणणे पडले की तिथे 'बागायत शेती' लिहावे, आईचे म्हणणे की 'इंजिनिअर' एवढेच लिहून गप्प बसावे, आणि वडील काहीच बोलले नाहीत. त्याच आठवड्यात कॉलेजच्या ग्रुपवर एकाने वाकडमधल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीचे निमंत्रण टाकले आणि दुसऱ्याने मुलीच्या बारशाचे. ज्याच्यासोबत मी प्रॅक्टिकलच्या जर्नल पूर्ण केल्या तो आता दोन मुलांचा बाप आणि बँकेचा कर्जदार आहे, आणि मी अजून चालू घडामोडींच्या वह्या काढतो आहे.

धीर देऊ नका, तो घरी पुष्कळ मिळतो. मला दोनच गोष्टी कळायला हव्या आहेत. मी खरोखर किती मागे आहे, हे मोजायचे कसे? आणि परीक्षा सोडायची की नाही, हा निर्णय कोणत्या आधारावर घ्यायचा?

आबा_तासगाव

बाळ, तुझे सगळे वाचले. काळजी करू नये. माझ्या पाहण्यात कवठेमहांकाळकडचे एक स्थळ असून मुलगी बी.एस्सी. झालेली आहे, घरचे लोक सरळ आहेत. बागायत किती एकर, पाणी वारणेचे की विहिरीचे, आणि उंची किती, एवढे कळवावे. पत्रिकाही पाठवावी. बाकीचे लग्नानंतर मार्गी लागते.

वारणाकाठ

आबा, आपुलकीबद्दल आभार. परंतु मी स्थळ विचारलेले नाही. सध्याच्या अवस्थेत कोणाच्या मुलीला घरी आणावे की नाही, हाच माझ्यापुढचा प्रश्न आहे.

सायली_के

माझ्या मते यात निम्म्याहून अधिक दोष मोबाइलचा आहे. लोक फ्लॅटचा फोटो टाकतात, हप्त्याचा टाकत नाहीत. लग्नाचा टाकतात, त्यानंतरच्या भांडणाचा टाकत नाहीत. तुम्ही कॉलेजचा ग्रुप सोडा, इन्स्टाग्राम काढून टाका, आणि मागे पडल्याची भावना महिन्याभरात निघून जाते की नाही ते पाहा. मी स्वतः हे केले आहे.

वारणाकाठ

इन्स्टाग्राम मी पुण्यात असतानाच काढले होते. गावातल्या लग्नात जेवणाच्या पंगतीत "सध्या काय चालले आहे?" असे विचारणारी काकू मात्र काढता येत नाही. शिवाय मोबाइल बंद ठेवला तरी वय अठ्ठावीसच राहते आणि बायोडेटातला रकानाही रिकामाच राहतो.

निशिगंध

मी मिरजेत समुपदेशक म्हणून काम करते आणि या वयाची मुले-मुली माझ्याकडे पुष्कळ येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सायली यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. फोटो निवडून टाकलेले असतात, हे खरे. पण तुलना फोनने निर्माण केलेली नाही. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच असे मांडले होते, की बाहेरचे निश्चित माप हाती नसले की माणूस स्वतःला इतरांशी, आणि त्यातही स्वतःसारख्याच इतरांशी, ताडून पाहतो. म्हणूनच तुम्हाला एखादा मोठा उद्योगपती टोचत नाही, जर्नल पूर्ण करणारा मित्र टोचतो. ग्रुप सोडल्याने टोचण्याची वारंवारता कमी होईल आणि झोपेआधी फोन दूर ठेवल्याचा फायदाही होईल. पण जोवर तुमच्याकडे स्वतःचे माप नाही, तोवर मन कोणाचे ना कोणाचे माप उसने घेणारच.

दुसरी गोष्ट. ग्रीनिच विद्यापीठातले ऑलिव्हर रॉबिन्सन यांनी विशी-तिशीतल्या या अवस्थेचा अभ्यास केला आहे, आणि त्यांनी तिचे दोन वेगळे प्रकार सांगितले आहेत. एकात माणूस नको असलेल्या नोकरीत किंवा नात्यात आत कोंडला जातो. दुसऱ्यात तो प्रौढपणाच्या दाराबाहेर उभा राहतो, धडपडतो आणि आत प्रवेश मिळत नाही. तुमचा प्रकार उघडच दुसरा आहे. हा फरक सांगण्याचे कारण असे, की सुट्टी घ्या, प्रवास करा, स्वतःचा शोध घ्या हा जो सल्ला सर्रास मिळतो तो पहिल्या प्रकारच्या माणसाला उपयोगी पडतो. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आणखी मोकळा वेळ दिला तर तो आणखी कुढतो. त्याला कोणत्या तरी एका दारातून आत जावे लागते, मग ते मनातले पहिले दार नसले तरी चालते.

आता एक प्रश्न मी विचारते आणि तो टाळू नका. झोप, भूक आणि एकाग्रता कशी आहे? उदासी किंवा कशातच रस न वाटणे हे जवळजवळ दररोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ चालू असेल, तर तो करिअरचा प्रश्न राहत नाही, तब्येतीचा होतो, आणि अशा अवस्थेत परीक्षा सोडण्याचा किंवा लग्नाचा निर्णय घेऊच नये. जगणे नकोसे वाटण्यापर्यंत विचार जात असतील तर त्याच दिवशी कोणाशी तरी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचार तज्ज्ञांना दाखवता येते.

वारणाकाठ

झोप उशिरा लागते, पण लागते. भूक व्यवस्थित आहे. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर मित्रांसोबत बसलो की बरे वाटते, क्रिकेट पाहताना सगळे विसरतो. निकाल लागल्यानंतरचे आठ-दहा दिवस मात्र वाईट जातात. तसले टोकाचे विचार नाहीत.

निशिगंध

मग तूर्त तरी हा निर्णयाचा आणि मापाचाच प्रश्न समजून पुढे जाऊ. निकालानंतरचे ते दिवस मात्र घरातल्या एकाला सांगून ठेवा.

शर्वरी_कराड

निशिगंध यांनी जो पहिला प्रकार सांगितला, तो म्हणजे मीच. वय एकोणतीस, कराडजवळच्या एका बँक शाखेत अधिकारी, नोकरी कायमची. धागाकर्त्याच्या मामांना अगदी हवा तसा माझा रकाना भरलेला आहे. तरीही दर सोमवारी सकाळी शाखेचे शटर वर जाताना मला वाटते, की हेच आता साठीपर्यंत. माझ्या वर्गातल्या मुली पीएच.डी.ला गेल्या, एक जर्मनीत आहे, आणि मी पीक कर्जांच्या नूतनीकरणाच्या फायली पाहते. लग्नाच्या बाजूने पाहावे तर तीन वर्षांपूर्वी "मुलगी नोकरी सोडेल का?" असे विचारणारी स्थळे येत होती, आता "इतकी वर्षे का थांबली?" असे विचारणारी येतात.

हे लिहिण्याचा उद्देश एवढाच, की नोकरी लागली की ही भावना संपते असे धरून निर्णय घेऊ नये. माझ्या प्रश्नाला निशिगंध यांनी वेगळ्या धाग्यात उत्तर दिले तरी चालेल.

कट_ऑफ

मी या वाटेवरून गेलो आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचलो, अंतिम यादीत आलो नाही, आणि आता इस्लामपुरात शिकवतो. धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यावर इथे अजून कोणी बोललेले नाही.

"थोडक्या गुणांनी राहतो" हे वाक्य तपासून पाहायला हवे. तुम्ही ज्या परीक्षेत थोडक्या गुणांनी राहिलात ती परीक्षा आता अस्तित्वात नाही. जुन्या पद्धतीत राज्यसेवेची मुख्य परीक्षा ८०० गुणांची होती आणि सामान्य अध्ययनाचे चारही पेपर बहुपर्यायी होते. नवी पद्धत २०२२ मध्ये जाहीर झाली, पुण्यात मुलांनी आंदोलन केले, म्हणून ती २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. तिच्यात गुणवत्तेसाठी धरले जाणारे सात लेखी पेपर प्रत्येकी २५० गुणांचे, म्हणजे १७५० गुण, आणि मुलाखतीचे २७५, असे एकूण २०२५ गुण आहेत. त्या सातांत निबंध आहे, सामान्य अध्ययनाचे चार आहेत आणि पर्यायी विषयाचे दोन आहेत. मराठी आणि इंग्रजीचे भाषा पेपर केवळ पात्र होण्यापुरते उरले आहेत.

याचा तुमच्यापुरता अर्थ लक्षात घ्या. चार पर्यायांतून दोन खोडून उरलेल्यांत अंदाज बांधण्याचे जे कौशल्य तुम्ही इतकी वर्षे कमावले, ते पूर्व परीक्षेपुरते कामाचे राहिले. मुख्य परीक्षेत आता तीन तास हाताने उत्तरे लिहायची आहेत आणि पर्यायी विषय तर मुळापासून उभा करायचा आहे. म्हणजे तुम्ही शिखराच्या दोन पावले खाली उभे आहात असे मनाशी धरून चालला आहात, प्रत्यक्षात मुख्य परीक्षेपुरते तुम्ही नवख्या उमेदवाराच्या फार पुढे नाही. उलट कम्बाइनची गट ब ची परीक्षा अजूनही बहुपर्यायी आहे आणि तिथे तुमची जुनी तयारी खरोखर उपयोगी पडते. मात्र त्यातल्या उपनिरीक्षक पदाला खुल्या प्रवर्गात ३१ ही वयोमर्यादा आहे. सहायक कक्ष अधिकारी आणि राज्यकर निरीक्षक यांना तितकी घाई नाही.

आणि खरा सापळा वयोमर्यादेतच आहे. केंद्राच्या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षे आणि सहा प्रयत्न अशी भिंत असते, त्यामुळे नाइलाजाने का होईना माणूस थांबतो. राज्यसेवेत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत संधी आहे. ऐकायला ही सवलत वाटते, परंतु तिच्यामुळे थांबण्याची तारीख बाहेरून कधी येतच नाही आणि ती स्वतःच ठरवावी लागते. माझा आग्रह असा, की निकालाच्या आधी, डोके शांत असताना, कागदावर लिहून वडिलांच्या हाती द्यावे : अमुक तारखेपर्यंत अमुक टप्पा आला नाही तर पूर्णवेळ तयारी बंद. निकालानंतर ठरवायला गेलात तर दोन गुणांनी राहिल्यावर "आणखी एकदाच" असे मन म्हणतेच म्हणते.

मायक्रॉन

कुपवाड एमआयडीसीत माझे छोटे मशिन शॉप आहे, पंपांचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग करतो. मुलाखती मीच घेतो, म्हणून मधल्या वर्षांविषयी लिहितो, कारण धागाकर्त्याने चाकणच्या अनुभवाचा उल्लेख एका ओळीत संपवला आहे.

आमच्यासारख्या ठिकाणी मधली रिकामी वर्षे तितकी आड येत नाहीत जितकी मुलांना वाटते. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात स्पर्धा परीक्षा करून परतलेली मुले आम्ही नेहमी पाहतो. आड येते ती हाताची सवय सुटलेली असते ती. मी उमेदवारापुढे २५ मिलिमीटर व्यासाची टर्न केलेली शाफ्ट ठेवतो, ड्रॉइंगवर अधिक-उणे ०.०२ ची मुभा दाखवतो, शेजारी व्हर्निअर आणि मायक्रोमीटर दोन्ही ठेवतो आणि एवढेच पाहतो, की तो काय उचलतो. साध्या व्हर्निअरवर ०.०२ पेक्षा बारीक वाचता येत नाही, म्हणजे जेवढी मुभा तेवढेच त्याचे सर्वांत लहान माप. त्याने हा भाग पास-नापास करणे म्हणजे अंदाजपंचे काम. मायक्रोमीटर उचलून आधी शून्य तपासणाऱ्या मुलाला मी मधल्या वर्षांविषयी फारसे विचारत नाही. पदवीची पहिली श्रेणी असलेली कित्येक मुले व्हर्निअर उचलतात.

पैशाविषयी स्पष्ट बोलतो. सुरुवातीला क्वालिटी विभागात पंधरा ते अठरा हजार मिळतील. वाकडच्या फ्लॅटशी याची तुलना करू नका, ती होणारच नाही. परंतु तीन-चार वर्षांत ग्राहकाचे ऑडिट स्वतः तोंड देऊन पार पाडता येऊ लागले, की सातारा किंवा पुण्याच्या मोठ्या कारखान्यात जाता येते, आणि माझ्याकडची मुले तशी गेलीही आहेत. मला त्याचा त्रास होतो, पण ते असो.

कट_ऑफ

मायक्रॉन यांच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, की नोकरी करत करत वर्णनात्मक मुख्य परीक्षा काढणे फार थोड्यांना जमते. आठ तास शॉप फ्लोअरवर उभे राहून रात्री निबंध लिहायला बसणे म्हणजे दोन्हीकडे अर्धे-अर्धे. नोकरी घेतली तर राज्यसेवा सोडली, असे समजूनच घ्यावी.

मायक्रॉन

आणि बिननोकरीचे दिवसभर अभ्यासिकेत बसणारा किती तास खरोखर वाचतो? माझा पुतण्या बसत असे. चहाच्या टपरीवरची चर्चा धरली तर दहा तास होत, वजा केली तर चार.

निशिगंध

दोघांचीही निरीक्षणे खरी असू शकतात, माणसा-माणसात फरक असतो. धागाकर्त्यांनी मात्र स्वतःचा एक आठवडा प्रामाणिकपणे नोंदवून पाहावा. आणि पहिल्या प्रश्नासाठी एक काम करा. ग्रुपवर जे बोलतात त्यांची नव्हे, तर हजेरीपटावर जे होते त्या सगळ्यांची यादी करा, आणि प्रत्येकाच्या नावापुढे तुम्हाला त्याच्याविषयी प्रत्यक्ष काय ठाऊक आहे ते लिहा.

वारणाकाठ (दोन आठवड्यांनंतर)

यादी केली. वर्गात आम्ही साठच्या आसपास होतो. ग्रुपवर नियमाने बोलणारे दहा-बारा, आणि फ्लॅट, परदेश, बढती या सगळ्या बातम्या त्यांच्याच होत्या. तीसेक जणांविषयी मला काहीच ठाऊक नव्हते, तरी मनात मी त्यांनाही स्थिरस्थावर धरून चाललो होतो. त्यांपैकी काहींना फोन केले. एकजण तासगावात वडिलांचे बेदाण्याचे काम पाहतो, दोघे पुण्यात कंत्राटी नोकरीवर आहेत आणि दर वर्षाच्या शेवटी करार वाढतो की नाही याची वाट पाहतात, एकाचे लग्न झाले आणि मोडलेही. एकाने तर मलाच विचारले, की "तुझे बरे चालले आहे ना? ग्रुपवर काही बोलत नाहीस, म्हणजे पोस्ट निघाली असेल असे वाटले."

मात्र हेही लिहायला हवे, की यादी पूर्ण केल्यावरही कमाई आणि बचत या बाबतीत मी वर्गाच्या खालच्या भागातच आहे. पूर्वी वाटत होते की मी सर्वांच्या शेवटी आहे. तसे नाही, एवढाच फरक पडला.

आठवड्याची नोंदही केली. आकडा इथे लिहीत नाही, मायक्रॉन यांच्या पुतण्याला बरे वाटेल.

सायली_के

यादीत इतरही अडचणीत आहेत हे कळल्याने तुमचे काय भले झाले, हे मला समजले नाही. दुसऱ्याचा संसार मोडला म्हणून आपला रकाना भरत नाही.

वारणाकाठ

भले असे नाही. परंतु घाई कमी झाली. बायोडेटा या महिन्यात छापायचा नाही, असे वडिलांशी बोलून ठरवले. कट_ऑफ यांनी सांगितल्याप्रमाणे कागदही लिहिला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा सोडतो आहे, कारण पर्यायी विषय उभा करायला लागणारा काळ आणि घरचा पैसा हे गणित जमत नाही. कम्बाइनच्या पुढच्या जाहिरातीची परीक्षा देणार. तिच्या मुख्य परीक्षेला पात्र ठरलो नाही तर पूर्णवेळ अभ्यास बंद. दरम्यान कुपवाडला काम मिळते का पाहणार आहे. आईला हे पटलेले नाही. तिच्या मते इतकी वर्षे घालवून आता शेवटी सोडणे म्हणजे सगळे पाण्यात.

एक शंका राहते. शर्वरी, तुम्ही मुलीच्या बाजूने सांगा : त्या रकान्यात काय लिहावे?

शर्वरी_कराड

माझ्यापुरते सांगते, सगळ्या मुलींच्या वतीने नव्हे. 'बागायत शेती' असे लिहिलेले असते आणि मुलगा प्रत्यक्षात परीक्षा देत असतो, हे दुसऱ्या भेटीत कळतेच, कारण आमचे मामाही चौकशी करतात. तिथून पुढे प्रत्येक वाक्यावर संशय येतो. काम लागले तर पदाचे नाव आणि गाव लिहा, पगार विचारल्यावर खरा सांगा, आणि परीक्षेची मुदत कोणती ठरवली आहे तेही सांगा. मला आलेल्या स्थळांपैकी एकानेही मुदत सांगितली नव्हती. "प्रयत्न चालू आहेत" एवढेच म्हणत. अठरा हजार ऐकून पुष्कळ घरे नाही म्हणतील, आणि हे तुम्ही गृहीत धरावे. आमच्या घरीही कदाचित नाहीच म्हटले असते. मी स्वतः काय म्हटले असते, याचा विचार करते आहे.

मायक्रॉन

धागाकर्त्यांनी मला निरोप पाठवला तर बरे. जागा सध्या रात्रपाळीची आहे, सकाळपाळीची दिवाळीपर्यंत निघणार नाही.

कट_ऑफ

रात्रपाळी मुळीच घेऊ नका. कम्बाइन द्यायची असेल तर दिवसा झोपून अभ्यास होत नाही, हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

मायक्रॉन

रात्रपाळीला क्वालिटीचे काम कमी असते आणि दोन तपासण्यांच्या मध्ये वेळ मिळतो. आमच्याकडचा एक मुलगा त्याच वेळात वाचून तलाठी झाला.

कट_ऑफ

तलाठ्याची परीक्षा वेगळी आणि कम्बाइन वेगळी.